ऑफरच्या मेलला उत्तर देताना

पुण्यातल्या एखाद्या आयटी कंपनीची ऑफर आली आहे असं समजू. सीटीसी १८ लाख. त्यात १४ लाख ४० हजार फिक्स्ड आणि ३ लाख ६० हजार व्हेरिएबल. उमेदवाराला सध्या १३ लाख फिक्स्ड आणि दीड लाख वार्षिक बोनस आहे. एचआर म्हणतात, २४ टक्के वाढ दिली. पण दर महिन्याचा पगार येतो तो फिक्स्डमधून, आणि ते जेमतेम ११ टक्क्यांनी वाढलं आहे. व्हेरिएबल कंपनीच्या कामगिरीवर आणि तुमच्या रेटिंगवर ठरतं. ते ७० टक्केच मिळालं, तर १ लाख ८ हजार रुपये गेलेच. शिवाय ते वाटलं जाईल त्या दिवशी तुम्ही नोकरीत असायला हवं, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते.

म्हणून आधी फिक्स्डबद्दल बोलावं. एकूण आकडा तोच ठेवून विभागणी बदलून मागितली, तर एचआरला मंजुरी मिळवणं त्यातल्या त्यात सोपं जातं. मेलचा आशय असा ठेवता येईल:

‘ऑफरबद्दल आभार. या कामात मला मनापासून रस आहे. एकूण १८ लाख कायम ठेवून फिक्स्ड १६ लाख २० हजार करता येईल का? तसंच, आता नोकरी सोडल्यास मार्चमध्ये मिळणारा दीड लाखाचा बोनस बुडतो. तेवढा जॉइनिंग बोनस मिळावा, ही विनंती.’

कारण आणि आकडा दोन्ही दिल्यामुळे एचआरला हाच मजकूर वर पाठवता येतो. ‘काही वाढवता येईल का?’ एवढंच विचारलं, तर उत्तरही तितकंच मोघम येतं.

काही कंपन्यांत ही विभागणी पदानुसार ठरलेली असते आणि ती खरोखरच हलत नाही. तिथे पहिल्या वर्षाचं व्हेरिएबल पूर्ण मिळेल अशी लेखी हमी मागावी, नाहीतर जॉइनिंग बोनस वाढवून मागावा. तो एकदाच द्यायचा असल्यामुळे कंपनीला कमी जड जातो. पण म्हणूनच फिक्स्ड सोडून त्यावर समाधान मानू नये, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या वर्षी तो नसतो, आणि पुढची पगारवाढ सहसा फिक्स्डवरच मोजली जाते.

जॉइनिंग बोनसची वसुलीची अट नीट वाचा. ठरलेल्या मुदतीच्या आत नोकरी सोडली तर तो सहसा परत करावा लागतो. त्यावर टीडीएस कापला जातो. समजा दीड लाखातले १ लाख २० हजार हातात आले, तरी कंपनी पूर्ण दीड लाख मागू शकते. म्हणून ‘हातात आलेली रक्कम, तीही उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात’ असं लिहून मागा. कंपनीनेच कामावरून कमी केलं तर वसुली होणार नाही, हेही त्यात घालून घ्या.

फोनवर ‘करून देऊ’ असं सांगितलं, तरी सुधारित ऑफर लेटर हातात येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका.