शब्दकोडं सोडवता, पण तयार करता येतं का?

मित्रांनो, शब्दकोडी तर तुम्ही नेहमीच सोडवता. एखादा आडवा शब्द अडला की आई-बाबांच्या मागे लागता. आज जरा उलटं करू या, कोडं आपणच रचू या! चौकटीची वही घ्या, पेन्सिल घ्या आणि खोडरबर तर घ्याच; त्याला आज भरपूर काम आहे.

पाच ओळी आणि पाच रकाने, अशी २५ घरं आखा. त्यातली पाच काळी करा: पहिल्या ओळीतलं चौथं, दुसरीतलं दुसरं, तिसरीतलं मधलं, चौथीतलं चौथं आणि पाचवीतलं दुसरं. आता वही उलटी धरा, खालची बाजू वर. काळी घरं होती तिथंच दिसतात ना? कोडी रचणाऱ्यांची ही जुनी रीत. ती पाळली की पान देखणं दिसतं.

आता शब्द. इंग्रजी कोड्यात एका घरात एक सुटं अक्षर बसतं. मराठीत मात्र काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर एका घरात जातं. आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात, तिथलं अक्षर दोघांनाही जसंच्या तसं चालावं लागतं. तिथे 'ख' हवा असेल तर 'खा' चालत नाही. मराठी कोडं अवघड होतं ते इथेच.

लांब शब्द आधी बसवायचे, कारण तेच कमी सापडतात. आपण डाव्या कडेला वरून खाली 'अमरावती' लिहू आणि उजव्या कडेला 'साखरभात'. आता 'सा' आणि 'भा' बघा. त्यांच्या डावीकडे काळं घर आहे, म्हणजे त्यांना आडवा शब्द छेदतच नाही. अशा मोकळ्या घरात कसलंही अक्षर खपून जातं. जोडाक्षरंसुद्धा तिथेच ढकलायची. पहिल्या ओळीत 'अक्कल' लिहा. 'क्क'च्या खाली काळं घर आहे, म्हणून तो बिनधास्त बसतो.

'रा'वरून आडवा 'राग' जमला. त्यातल्या 'ग'वरून खाली 'गळ', आणि चौथ्या ओळीत 'व'पासून 'वळण'. वा! छान जुळलं की! पण थांबा. 'वळण'चा 'ण' जिथे पडला, तिथून खाली नवा शब्द सुरू होतो. आणि 'ण'ने सुरू होणारा शब्द नेहमीच्या मराठीत आहे कुठे? 'ळ'चंही तेच. ही दोन अक्षरं शब्दाच्या शेवटी थाटात बसतात, पण सुरुवातीला कधी येत नाहीत. तेव्हा खोडरबर काढा. 'वळण'चं 'वजन' करा, म्हणजे 'गळ'चा 'गज' होईल. आता 'न'वरून खाली 'नग', त्याच्या 'ग'वरून आडवं 'गवत', आणि शेवटचा 'त' थेट साखरभातात! वरचा कोपरा असाच भरला की कोडं असं दिसेल:

अ | क्क | ल | ■ | सा
म | ■ | ता | री | ख
रा | ग | ■ | त | र
व | ज | न | ■ | भा
ती | ■ | ग | व | त

दुसऱ्या ओळीतली 'री' बघून ठेवा. कुणी 'तारिख' लिहिलं, तर खाली 'रित' होईल. म्हणून ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली की शब्दकोश उघडायचा, अंदाजाने लिहायचं नाही.

आकडे अगदी शेवटी घालायचे. वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे, एकेका घराला विचारत जा: "तुझ्यापासून आडवा किंवा उभा शब्द सुरू होतो का?" होत असेल तर पुढचा आकडा द्या. दोन्ही सुरू होत असले तरी आकडा एकच. म्हणूनच 'अ'ला फक्त १. पुढे 'ल'ला २, 'सा'ला ३, 'ता'ला ४ असं करत शेवटच्या ओळीतल्या 'ग'ला ११ मिळतो. एक घर जरी सुटलं, तरी पुढचे सगळे आकडे चुकतात, बरं का!

आता सूचना लिहू.

आडवे शब्द
१. हिचा दात म्हणे उशिरा येतो
४. कॅलेंडरवर रोज बदलते
६. संताप
८. 'जर'चा जोडीदार
९. काट्यावर उभं राहिलं की कळतं
११. गाई-म्हशींचा चारा

उभे शब्द
१. विदर्भातलं एक शहर
२. वेल
३. केशर घातलेला गोड पदार्थ
५. पद्धत
७. खिडकीची लोखंडी सळी, हत्तीसुद्धा
१०. डझनात हे बारा असतात

'राग'साठी 'चिडणे' असं लिहिलं नाही, कारण 'चिडणे' हे क्रियापद आहे आणि 'राग' नाम. सूचना आणि उत्तर एकाच जातीचं हवं, नाहीतर सोडवणारा भलतीकडे जातो. काही सूचनांना दोन उत्तरं निघतात. 'वेल'ला 'वल्ली'ही चालेल, पण मग 'अक्कल' पुरी होत नाही, म्हणून इथे 'लता'च. मोकळ्या घरांना मात्र असा आधार नसतो. 'साखरभात'ची सूचना नुसती 'गोड पदार्थ' अशी दिली असती, तर 'सा' आणि 'भा' कुणाला कळले असते?

आता रिकामी चौकट आणि सूचना नव्या कागदावर उतरवा आणि ज्याने उत्तरं पाहिलेली नाहीत, अशा कुणाला तरी द्या. ताई, आजोबा, कुणीही चालेल. तुम्ही शेजारी बसा, पण ओठ घट्ट मिटून! एकाच घरात त्यांचा खोडरबर दोनदा फिरला, तर त्या शब्दाची सूचना तेवढी बदला.