दात पडला, पण सापडला नाही

पुण्यातल्या एका घरात साडेसहा वर्षांची मुलगी संध्याकाळी पेरूची फोड खात बसली होती. मधेच तिने तोंडात बोट घातलं आणि ओरडली, "आई, इथे काहीच नाहीये!" खालच्या ओळीतला पुढचा दात आठवडाभर जिभेच्या धक्क्याने मागेपुढे हलत होता. तो गेला होता. ताटात नाही, फ्रॉकवर नाही, सोफ्याखालीही नाही. पेरूच्या बियांबरोबर तो पोटात गेला, हे घरच्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

आईने लेकीच्या मोकळ्या हिरडीचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकायला घेतला. या ग्रुपवर साताऱ्याची आजी आहे, नाशिकची आत्या आहे, जर्मनीतला काका आहे, शिवाय चुलत-मावस मिळून वीसेक माणसं. आता फोटोखाली लिहायचं काय?

पहिला मजकूर असा झाला: "आमच्या पिल्लूचा पहिला दात पडला! खूप आनंद!" पुढे चार बदाम. वाचून तिलाच वाटलं, हे कुणाच्याही पिल्लूबद्दल लिहिता येईल. पेरू कुठे गेला, शोधाशोध कुठे गेली? दुसऱ्या प्रयत्नात तिने लिहिलं, "आजपासून आमच्या घरी एक बोळकी राहायला आली आहे." पण मुलगी पहिलीत आहे, अक्षर लावून वाचते. तिने फोनमध्ये डोकावून विचारलं, "बोळकी म्हणजे?" अर्थ कळल्यावर तिचा चेहरा पडला. मजकूर तिथेच पुसला गेला.

हा क्षण छोटा असला, तरी अशा मजकुराची खरी अडचण त्यातच आहे. बाळाच्या बारशाचा फोटो टाकताना बाळ वाचत नसतं. पहिला दात मात्र साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडतो, आणि मुलं वाचायला शिकतात तीही याच सुमारास. ज्याच्याविषयी लिहायचं तोच पहिला वाचक असतो. म्हणून गंमत दाताची करावी, पेरूची करावी, घरभर रांगत दात शोधणाऱ्या बाबांची करावी. मुलाच्या तोंडाची करू नये.

तिसरा मजकूर मायलेकींनी मिळून लिहिला आणि तोच पाठवला:

"जाहीर सूचना. आज सायंकाळी पावणेसात वाजता खालच्या ओळीतला डावा दात पेरू खाताना पेरूसकट गिळला गेला. शोधकार्य थांबवण्यात आले आहे. मालकीणबाई ठणठणीत असून त्यांनी उरलेला पेरूही संपवला. उंदीरमामांनी कौलावर वाट पाहू नये."

ही भाषा मराठी घरांना अंगवळणी पडलेली आहे. सोसायटीच्या फळ्यावरची नोटीस आणि लग्नपत्रिकेतलं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' सगळ्यांना पाठ असतं. इवल्याशा दातासाठी एवढा सरकारी थाट वापरला की हसू आपोआप येतं. दुधाच्या खालच्या दाताचा दिसणारा भाग जेमतेम पाच मिलिमीटर उंच, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून थोडाच मोठा. पण गंमत उभी राहते ती नेमक्या वेळेवर, नेमक्या दातावर आणि पेरूवर. हे तपशील काढले तर नुसता थाट उरतो.

ग्रुपवर सर्वांत आधी आजीचा प्रश्न आला: "गिळला? डॉक्टरकडे नेलंत का?" काळजी रास्त होती, पण नेण्याची गरज नव्हती. गिळलेला दुधाचा दात अन्नासारखाच पुढे सरकतो आणि बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे निघून जातो. दात नाहीसा झाल्यावर मुलाला ठसका लागून राहिला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला किंवा धाप लागली, तर मात्र तो श्वासनलिकेत गेल्याची शंका घेऊन तातडीने दवाखाना गाठावा लागतो. या मुलीने दुसरी फोड मागितली होती. 'उरलेला पेरूही संपवला' या तीन शब्दांनी खरं तर आजीला उत्तर दिलेलं होतं. गमतीच्या मजकुरात अशी एक खबर असली की लांबच्या माणसांचा जीव भांड्यात पडतो.

काकाचा संदेश आला: "दोरा बांधून दाराला लावायचा होता, आमचा तसाच काढला." दंतवैद्य हे करू देत नाहीत, आणि त्याला कारण आहे. दुधाच्या दातालाही मूळ असतं. खालून कायमचा दात वर सरकू लागला की शरीरातल्या खास पेशी ते मूळ हळूहळू विरघळवतात. मूळ संपत आलं की दात फक्त हिरडीच्या आधाराने लटकतो आणि जिभेच्या किंवा पेरूच्या धक्क्याने सुटतो. म्हणून पडलेला दात हातात घेतला तर टोपीसारखा दिसतो, खाली जवळजवळ काहीच नसतं. मूळ शिल्लक असताना दोऱ्याने हिसका दिला तर दुखतं, रक्त जास्त येतं आणि मुळाचा तुकडा आत राहू शकतो. आपोआप पडलेल्या दाताच्या जागी थोडंच रक्त येतं. स्वच्छ कापसाची घडी काही मिनिटं दातांत धरली की ते थांबतं.

आत्याने फोटो मोठा करून पाहिला. "मागे काहीतरी पांढरं दिसतंय!" तिची नजर बरोबर होती. खालचे कायमचे दात पुष्कळदा दुधाच्या दातांच्या मागच्या बाजूने डोकावतात. पुढची जागा मोकळी झाली की जिभेच्या रेट्याने ते बहुधा पुढे येतात. दुधाचा दात घट्टच राहिला आणि मागचा वर येत राहिला, तर दंतवैद्याला दाखवावं. नवा दात शेजारच्यांपेक्षा पिवळसर आणि कडेला करवतीसारखा दिसेल, तेव्हाही घाबरायचं कारण नाही. तो तसाच असतो.

राहिले उंदीरमामा. पडलेला दात कौलावर किंवा उंदराच्या बिळाजवळ टाकायची रीत महाराष्ट्रातल्या अनेक घरांत होती, आणि उंदराकडे त्याच्यासारखा दात मागायचे. हे मागणं उगाच नव्हतं, कारण उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. स्पेनमध्येही दात न्यायला उंदीरच येतो. लुईस कोलोमा या धर्मगुरूने बालराजा तेराव्या अल्फोन्सोसाठी पेरेझ नावाच्या उंदराची गोष्ट लिहिली आणि तो तिथल्या घराघरांत पोहोचला. फ्लॅटमध्ये कौलं नाहीत, म्हणून आता कुणी दात तुळशीच्या कुंडीत पुरतं, कुणी डबीत जपून ठेवतं.

त्या रात्री मुलीला एकच काळजी होती. दात मिळाला नाही तर उंदीरमामा नवा देणार कसा? आईने तिच्या देखत ग्रुपवर आणखी एक ओळ टाकली: "उंदीरमामांना पेरू पाठवण्यात येत आहे." पेरूची एक फोड खिडकीत ठेवली गेली. आजीने लगेच कळवलं की साताऱ्याच्या उंदरांनाही निरोप दिला आहे. मुलगी झोपली.

तीन आठवड्यांनी शेजारचा दात हलू लागला. आता ती पेरू सोडून मऊ वरणभात मागू लागली. दात पडला तेव्हा तो तिच्याच मुठीत होता. बाबांनी त्याच्याशेजारी ज्वारीचा दाणा ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो काढला. या वेळी मजकूर तिने सांगितला आणि आईने तोच पाठवला: "हा सापडला."