जुन्या खांबाला नवं कवच

मुंबईतल्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर खांबाला उभी चीर दिसली की अनेकदा ती फक्त प्लास्टरने बुजवतात. पण आत सळई गंजत असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो.

समजा, खांब २३० बाय ३८० मिलिमीटरचा आहे. आधी वरच्या बीमखाली टेकू देऊन भार उतरवतात. तो उतरवला नाही, तर जुना भार जुन्याच खांबावर राहतो आणि नवं काँक्रीट फक्त पुढचा वाढीव भार घेतं. मग पोकळ काँक्रीट फोडून सळ्या घासतात, पृष्ठभाग खडबडीत करतात, नव्या सळ्या आणि रिंगा बांधतात. चारी बाजूंनी १०० मिलिमीटर काँक्रीट भरलं की खांब ४३० बाय ५८० होतो. नव्या सळ्या खाली पायापर्यंत आणि वर स्लॅबमधून पुढच्या मजल्यात जायला हव्यात. त्या स्लॅबखालीच थांबल्या, तर सांधा कमकुवतच राहतो.

जागा कमी असेल तर कार्बन फायबरचं कापड इपॉक्सीने गुंडाळतात. त्याआधी खांबाचे कोपरे गोल करावे लागतात, नाहीतर कापड तिथेच फाटतं. वाकणाऱ्या बीमच्या तळाला पोलादी पट्ट्या चिकटवून बोल्टने आवळतात. मात्र आगीत इपॉक्सी लवकर मऊ पडतं आणि आतला गंज कापडाखाली झाकला तरी वाढतच राहतो. म्हणून सळ्यांची दुरुस्ती आधी, कवच नंतर.