शिक्रा की पावशा?

जूनमधल्या एका सकाळी मावशीने फोटो पाठवला. शेवग्याच्या फांदीवर पारव्याएवढा पक्षी, मागे पांढरंफटक आभाळ. खाली एक अक्षर नाही. 'सुप्रभात'सुद्धा नाही, आणि मावशीच्या बाबतीत ही गंभीर गोष्ट आहे.

असे मुके फोटो मला बरेच येतात. पाठवणाऱ्याला नाव हवंय, पक्षी काय करतोय ते हवंय, की 'फोटो काळा का आला?' असं विचारायचंय, हे कळायला मार्ग नसतो. मी सवयीने नाव कळवून मोकळा झालो: 'शिक्रा.' राखाडी पाठ, शेपटीवर आडवे पट्टे, झाडात दबा धरल्यासारखी बैठक. आणखी काय हवं?

चहा पिताना फोटो पुन्हा उघडला. आभाळ मागे असलं की कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि पक्षी काळा पडतो. (काढतानाच पक्ष्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवला असता तर आभाळ जळालं असतं, पण छाती दिसली असती.) आता सावल्या उजळून पाहिलं, तर पोटावर तांबूस आडव्या रेघा उमटल्या. म्हणजे शिक्राच, असं वाटलं. मग नजर चोचीवर गेली. शिक्र्याची चोच मुळापासूनच खाली वळते आणि टोकाला आकडा होतो. ही चोच बारीक होती, जवळजवळ सरळ, टोकाशी जराशी झुकलेली. डोळ्याभोवती पिवळं कडं होतं. पायाची बोटं मोजली. शिक्र्याची तीन पुढे आणि एक मागे असतात. इथे फांदीला दोन बोटं पुढून आणि दोन मागून धरून होती. अशी बोटं कोकीळ कुळाची.

तो पावशा होता. 'पेर्ते व्हा' म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच. आवाज ऐकू आला असता तर प्रश्नच नव्हता, पण फोटोला आवाज नसतो.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, "साळुंक्या नुसत्या कालवा करत होत्या त्याच्याभोवती. आणि उडाला तोही शिक्र्यासारखाच!" हे खरंच आहे. पावशा चार-पाचदा पंख मारून तरंगत जातो, झाडाशी आला की वर झेपावून बसतो आणि बसताना शेपटी डावी-उजवी हलवतो. रंग शिक्र्याचा, पट्टे शिक्र्याचे आणि उडण्याची ढबही शिक्र्याची. त्यामुळे साळुंक्यांचा कालवा ओळखीचा पुरावा म्हणून काही कामाचा नाही. त्याही माझ्यासारख्याच फसलेल्या असतात.

या फसवणुकीची एक सुंदर परीक्षा इंग्लंडमध्ये झाली आहे. डेव्हिस आणि वेल्बरगन या संशोधकांनी 2008 साली तिचे निष्कर्ष छापले. बागेत जिथे टिट नावाचे चिमुकले पक्षी दाणे टिपायला येतात, तिथे त्यांनी पेंढा भरलेले पक्षी ठेवले. कधी तिथली कोकिळा, कधी शिक्र्याचा युरोपीय भाऊ स्पॅरोहॉक, तर कधी साधा होला. होल्याला टिट फारसे घाबरले नाहीत. कोकिळेपासून मात्र ते स्पॅरोहॉकइतकेच लांब राहिले. मग कोकिळेच्या छातीवरचे पट्टे झाकले, तर त्यांची भीती कमी झाली. स्पॅरोहॉकचे पट्टे झाकून मात्र फरक पडला नाही. म्हणजे कोकिळेचा सगळा दरारा त्या आडव्या रेघांत होता!

या सोंगाचा उपयोग सरळ आहे. पावशाची मादी स्वतः घरटं बांधत नाही, ती सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. तिचं अंडं सातभाईंच्या अंड्यासारखंच निळं असतं. दरोडेखोराच्या वेशात चोर येतो, असा हा मामला. सातभाई दबकले की तिला तेवढा अवधी मिळतो, असा अंदाज आहे. पावशा स्वतः मात्र खातो केसाळ सुरवंट आणि फळं.

हे सगळं मी मावशीला रंगवून सांगितलं. फोटो पुढच्या वेळी डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे बोटं मोजता येतील, असंही बजावलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "ते सगळं ठीक रे. माझ्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय, त्यात तीन पिल्लं आहेत. हा त्यांना खाईल का, एवढंच विचारायचं होतं."

शिक्रा असता तर खाल्ली असती. पावशा खाणार नाही.