नवरा-बायकोचं मृत्युपत्र: एकाच कागदावर की दोन वेगळे कागद?



मालमत्तेच्या हक्कावर गटांच्या बैठकांमध्ये बोलणं निघालं की एक प्रश्न हमखास येतो. "आम्ही दोघांनी मिळून एकच मृत्युपत्र केलं तर चालेल का? खर्च वाचतो, दोघांचा विचारही एकच आहे." कायद्याने चालतं. पण दोघांपैकी एक जण गेल्यावर मागे राहिलेल्याला तो कागद बदलता येतो का, हे आधी समजून घ्यायला हवं. कारण मागे राहणारी बऱ्याचदा बाईच असते, आणि पुढची दहा-वीस वर्षं त्या कागदाबरोबर तिलाच काढायची असतात.

आधी मूळ नियम बघू. मृत्युपत्र माणूस जिवंत असेपर्यंत कधीही बदलता येतं किंवा रद्द करता येतं. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६२ मध्ये हे सांगितलं आहे. माणूस गेल्यावरच त्याचं मृत्युपत्र लागू होतं. दुसरं असं की प्रत्येकाला फक्त आपल्या मालकीचं देता येतं. नवऱ्याच्या नावाची जमीन बायको मृत्युपत्राने देऊ शकत नाही, आणि बायकोच्या नावाची नवरा देऊ शकत नाही. वडिलोपार्जित एकत्र जमीन असेल तर त्यातला स्वतःचा हिस्सा तेवढा देता येतो.

म्हणजे दोघांनी एका कागदावर सह्या केल्या तरी आत खरी मृत्युपत्रं दोनच असतात. नवरा गेला की त्याच्या मिळकतीपुरता भाग लागू होतो. बायकोचा भाग ती जाईपर्यंत नुसता कागदावर राहतो. मग तो भाग तिला बदलता येईल ना? इथे "कधी हो, कधी नाही" असं उत्तर आहे, आणि ते कागदातल्या शब्दांवर ठरतं.

एक उदाहरण घेऊ

समजा, कमलताई आणि दत्तूभाऊ. दत्तूभाऊंच्या नावावर स्वतः खरेदी केलेली २ एकर जमीन आणि घर आहे. कमलताईंच्या नावावर २० गुंठे आहेत, गटाचं कर्ज घेऊन घेतलेले आणि फेडलेले. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीचं लग्न झालं, तिचं चांगलं चाललंय, म्हणून दोघांनी एक संयुक्त मृत्युपत्र केलं: "आमच्यापैकी जो मागे राहील त्याच्याकडे दोघांची सगळी मिळकत राहील. दोघांच्या पश्चात ती दोन्ही मुलांना समान मिळेल."

पुढे दत्तूभाऊ वारले. चार वर्षांनी मुलगी लेकराला घेऊन माहेरी परत आली. आता आईचं दुखणं-खुपणं तीच बघते. कमलताईंना वाटतं, निदान माझे २० गुंठे तरी हिला द्यावेत. त्यांना नवीन मृत्युपत्र करता येईल का?

पहिली शक्यता: कागदात कबुली नाही. दोघांनी आपापली इच्छा एका कागदावर लिहिली, पण "आम्ही हे बदलणार नाही" असा करार कुठेच नाही. मग कमलताईंचा भाग त्यांचाच. २० गुंठ्यांचं नवीन मृत्युपत्र त्या मुलीच्या नावाने करू शकतात. नुसता कागद एक आहे म्हणून बंधन येत नाही.

दुसरी शक्यता: कागदात कबुली आहे. बऱ्याचदा कागद लिहिणारा एक वाक्य घालतो: "आम्ही एकमेकांच्या भरवशावर हे मृत्युपत्र केले असून, एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्यास यात फेरबदल करण्याचा अधिकार राहणार नाही." अशा कागदाला परस्पर मृत्युपत्र म्हणतात. इथे बंधन लागायला दोन गोष्टी व्हाव्या लागतात. एक, करार कायम असताना पहिला जोडीदार वारला पाहिजे. दोन, मागे राहिलेल्याने त्या मृत्युपत्राचा लाभ घेतला पाहिजे. कमलताईंनी दत्तूभाऊंची २ एकर त्या मृत्युपत्राच्या आधारे फेरफार करून आपल्या नावावर घेतली, तर लाभ घेतला असं होतं. मग कोर्टाचं म्हणणं असं: तुमच्या शब्दावर विसंबून तो माणूस कागद न बदलता गेला, आता तुम्ही शब्द मोडू शकत नाही. आणि हे बंधन फक्त त्याच्या २ एकरांवर राहत नाही. कमलताईंचे स्वतःचे २० गुंठे कागदात घातले असतील तर तेही त्यात अडकतात.

यात एक गोष्ट फसवी आहे. कमलताईंनी तरीही नवीन मृत्युपत्र केलं तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नोंदणी होऊन जाईल. तिथे जुना करार तपासत नाहीत. त्यामुळे वाटतं, काम झालं. पण कमलताईंच्या पश्चात मुलगे जुना कागद घेऊन कोर्टात गेले, तर मुलीच्या हातातला नोंदणी झालेला कागदही टिकणार नाही. तोपर्यंत चूक दुरुस्त करायला आई नसते.

तिसरी शक्यता: कागदाचा अर्थच नीट लागत नाही. वरचं वाक्य पुन्हा वाचा. "त्याच्याकडे राहील" म्हणजे काय? कमलताई २ एकरांच्या पूर्ण मालक झाल्या, की फक्त जिवंत असेपर्यंत वहिवाटीच्या? पूर्ण मालकी असेल आणि वर सांगितलेली कबुली नसेल, तर ती जमीन त्या कोणालाही देऊ शकतात. "तहहयात" म्हणजे हयातीपुरताच हक्क असेल, तर त्या जमिनीचं पुढे काय व्हायचं हे दत्तूभाऊंच्याच मृत्युपत्राने ठरलं. कमलताईंना ती विकता येणार नाही आणि मृत्युपत्राने देताही येणार नाही. घरात वाद पेटतो तो बहुतेक अशा अर्धवट वाक्यावरून.

दोघं जिवंत असताना

या वेळी वाट मोकळी असते. संयुक्त कागद असला, कबुली असली, तरी दोघं मिळून तो रद्द करू शकतात. एकालाच बाहेर पडायचं असेल तरी पडता येतं. पण दुसऱ्याला लेखी कळवावं, म्हणजे त्यालाही आपला भाग बदलायची संधी मिळते. गुपचूप बदलला आणि तो जुन्या भरवशावर वारला, तर पुढे भांडण होतं. म्हणून तुमच्या पेटीत असा जुना कागद असेल तर आत्ताच काढून वाचा.

जोडीदार आधीच गेला असेल तर त्या मृत्युपत्रावरून तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज देण्याआधी वकिलाला कागद दाखवा. लाभ घेतला की नाही, हा मुद्दा तिथेच सुरू होतो.

दोन वेगळी मृत्युपत्रं केली तर

नवऱ्याचा कागद वेगळा, बायकोचा वेगळा. दोन्हीत मजकूर सारखा असला तरी तेवढ्यावरून करार ठरत नाही. मागे राहिलेली बाई आपला कागद परिस्थितीप्रमाणे बदलू शकते. आणखी एक सोय अशी की नवरा गेल्यावर फक्त त्याचा कागद दाखवावा लागतो. संयुक्त कागद असेल तर तलाठ्यापुढे, भावकीपुढे तुमचीही इच्छा तुम्ही जिवंत असतानाच उघडी पडते. मग कोणाला काय मिळणार हे कळून सून-मुलांचं वागणं बदलतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण दुसरी बाजूही आहे. मोकळीक तुम्हाला मिळते तशी नवऱ्यालाही मिळते. समजा कमलताई आधी गेल्या आणि त्यांनी २० गुंठे नवऱ्याला पूर्ण मालकीने दिले. दत्तूभाऊंनी पुढे दुसरं लग्न केलं किंवा एकाच मुलाच्या नावे कागद केला, तर मुलीच्या हाती काही लागेलच असं नाही.

त्यावर उपाय संयुक्त कागद नाही. उपाय तुमच्या स्वतःच्या कागदातल्या शब्दांत आहे. कमलताई आपल्या वेगळ्या मृत्युपत्रात असं लिहू शकतात: "माझ्या नावावरील २० गुंठे जमिनीची वहिवाट माझ्या पश्चात माझे पती तहहयात करतील. त्यांना ती विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा बक्षीस देण्याचा अधिकार राहणार नाही. त्यांच्या पश्चात ती माझ्या मुलीच्या पूर्ण मालकीची होईल." आता नवऱ्याने शब्द पाळण्याची वाट बघायला नको, कारण जमीन कुठे जायची ते कमलताईंनीच ठरवलं.

हाच शब्द नवऱ्याच्या कागदात तुमच्याबद्दल येतो तेव्हा मात्र सावध राहा. त्याने "पत्नीस तहहयात" एवढंच लिहिलं, तर दवाखान्याच्या खर्चासाठी तुम्हाला गुंठाभरही विकता येणार नाही. नंतर पूर्ण मालकी मागायला कोर्टात जावं लागतं आणि निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. म्हणून एकतर "पत्नीस पूर्ण मालकीने" असं लिहून घ्या, नाहीतर निदान "आजारपण व उदरनिर्वाहासाठी विकण्याचा अधिकार राहील" हे वाक्य घालून घ्या.

सही किंवा अंगठा देण्याआधी

पूर्ण मजकूर मोठ्याने वाचून घ्या आणि तीन गोष्टी विचारा. मागे राहणाऱ्याला पूर्ण मालकी आहे की तहहयात? नंतर बदलता येणार नाही असं कुठे लिहिलंय का? माझ्या नावावरची मिळकत यात घातली आहे का? तिन्हींचं उत्तर कळल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात. तुम्ही सही किंवा अंगठा करताना त्यांनी बघावं आणि तुमच्यासमोर त्यांनी सही करावी. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. दोघांचे कागद वेगळे असतील तर दोन्हींवर हे सगळं वेगवेगळं करायचं. म्हणजे "खर्च वाचतो" हे कारण फारसं उरत नाही, जास्त लागतो तो एक कागद आणि थोडा वेळ.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना धरून लिहिलं आहे. मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं आणि वारसाला द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते, त्यामुळे त्या ताईंनी वेगळा सल्ला घ्यावा.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना सातबारा, आठ अ, घराचा नमुना ८ आणि जुनं मृत्युपत्र असेल तर तेही सोबत न्या.