पाठवलेला मेल फोनवर का दिसत नाही?

दुकानातल्या संगणकावरून सकाळी दरपत्रक मेल केलं, दुपारी ग्राहकाचा फोन आला, ‘त्यात दर काय लिहिला होता?’ म्हणून खिशातला मोबाइल काढला, तर पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये ते दरपत्रकच नाही! ग्राहकाला मिळालेला मेल पाठवणाऱ्यालाच सापडत नाही, हा अनुभव अनेकांना येतो.

याचं कारण असं, की मेल पाठवणं आणि त्याची प्रत जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाठवण्याचं काम एसएमटीपी करतं. त्याचे नियम 1982 साली ठरले आणि त्यांत प्रत ठेवण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. टपालपेटीत टाकलेल्या पत्राची नक्कल पोस्ट ठेवत नाही, तसंच हे. म्हणून मेल गेल्यावर अ‍ॅप स्वतःच एक प्रत ‘Sent’ फोल्डरमध्ये ठेवतं. ती कुठे ठेवायची, इथे मात्र प्रत्येक अ‍ॅपची रीत निराळी.

खातं आयमॅप पद्धतीने जोडलेलं असेल, तर अ‍ॅप ती प्रत सर्व्हरवर चढवू शकतं आणि ती सगळ्या उपकरणांवर दिसते. पॉप पद्धतीत सर्व्हरवरून मेल फक्त उतरवून घेता येतात. पाठवलेल्याची प्रत त्या एका संगणकातच राहते. संगणक बिघडला, की तीही गेली.

आयमॅप असूनही घोटाळा होतो तो नावांमुळे. एक अ‍ॅप ‘Sent’मध्ये लिहितं, दुसरं ‘Sent Items’मध्ये, तिसरं ‘Sent Messages’मध्ये. ‘पाठवलेल्यांचा फोल्डर हाच’ असं सर्व्हरने अ‍ॅपला सांगण्याची खूण 2011 साली ठरली, पण सगळीकडे ती पाळली जातेच असं नाही. जीमेलची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या सर्व्हरमार्फत मेल गेला, की प्रत सर्व्हरच ठेवतो. अ‍ॅपनेही ठेवली, तर एकच मेल दोनदा दिसू शकतो.

दोष कुठे आहे ते ओळखायला ब्राउझरमधून खातं उघडावं, कारण तिथे दिसतं ते सर्व्हरवर असलेलंच. मेल तिथेही नसेल, तर प्रत संगणकातच अडकली आहे. दुसऱ्याच नावाच्या फोल्डरमध्ये सापडला, तर जोडणी चुकली आहे. थंडरबर्डमध्ये ही जोडणी खात्याच्या सेटिंगमधल्या ‘Copies & Folders’ या पानावर ‘Place a copy in’ समोर बदलता येते. तिथे ‘Local Folders’ निवडलेलं असेल, तर त्याऐवजी खात्याचाच ‘Sent’ फोल्डर निवडावा.

जुने मेल मात्र आपोआप हलत नाहीत. आयमॅप खातं असेल, तर ते संगणकातल्या फोल्डरमधून ओढून सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकावे लागतात.

आणखी एक खबरदारी. मोठी जोडपत्रं असलेला मेल निघून जातो, पण प्रत चढवताना अ‍ॅप अडकतं आणि चूक झाल्याचं सांगतं. घाईने तोच मेल पुन्हा पाठवला, तर समोरच्याला तो दोनदा मिळतो. आधी त्याला फोन करून विचारावं.