वाटीभर रस्सा आणि चोंदलेलं नाक

घरात कुणाला सर्दी झाली की गॅसवर काही ना काही उकळायला लागतं. कुठे आलं आणि गवती चहा, कुठे कुळथाचं कढण, कुठे मिरी ठेचून घातलेला कोंबडीचा पातळ रस्सा. चार घोट पोटात गेले की आजारी माणूस म्हणतो, 'आता जरा मोकळं वाटतंय.' शास्त्रज्ञांनी हे 'मोकळं वाटणं' चक्क मोजून पाहिलंय. त्यातून जे हाती लागलं ते भारी आहे!

शेंबडाचाही वेग असतो

नाकातला शेंबड एका जागी बसून राहत नाही. नाकाच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते सतत हलतात आणि धूळ, जंतू, शेंबड असं सगळं घशाकडे ढकलत राहतात. तिथून आपण ते नकळत गिळतो. ही ढकलगाडी मिनिटाला साधारण सहा-सात मिलिमीटर चालते.

१९७८ साली अमेरिकेत मायामी बीचच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १५ निरोगी माणसांना गरम पाणी, गार पाणी आणि चिकन सूप पाजून हा वेग मोजला. गरम पाणी घोटाघोटाने प्यायल्यावर तो ६.२ वरून ८.४ मिलिमीटरवर गेला. चिकन सूपने ६.९ वरून ९.२ वर नेला. गार पाण्याने मात्र ७.३ वरून थेट ४.५ वर आणला.

हा फरक केवढा, ते एका हिशोबात कळतं. शेंबडाला नाकात सहा सेंटिमीटर जायचंय असं धरू. सूप पिण्याआधीच्या वेगाने त्याला जवळपास पावणेनऊ मिनिटं लागतील, सूप प्यायल्यावर साडेसहा. गार पाण्यानंतर तेवढ्याच अंतराला सव्वातेरा मिनिटं! सर्दीत फ्रिजमधलं पाणी पिऊ नकोस, असं आई ओरडते, तेव्हा निदान एवढा आधार तिच्या बाजूने आहे.

त्या डॉक्टरांनी आणखी एक नामी युक्ती केली. वाफ नाकात जाऊ नये म्हणून झाकलेल्या भांड्यातून स्ट्रॉने प्यायला दिलं. तसं प्यायल्यावर गरम पाण्याचा फायदा दिसेना. म्हणजे पाण्याच्या बाबतीत काम करत होती ती नाकाशी येणारी वाफ. सूपने मात्र स्ट्रॉमधूनही वेग थोडा वाढवला, ६.४ वरून ७.८. सूपमध्ये वाफेपलीकडचं काहीतरी आहे, असं त्यांनी नोंदवलं. पण अर्ध्या तासात गरम पेयांचा हा सगळा परिणाम ओसरला होता. एकदाच मोठा टोप संपवण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं पिणं म्हणूनच शहाणपणाचं.

नाक बंद करतं कोण?

नाक चोंदलं की आपण शेंबडाला दोष देतो. खरा अडथळा बहुतेक वेळा निराळाच असतो. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल घड्या असतात. सर्दीत त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या रक्ताने फुगतात आणि वाट अरुंद होते. कितीही शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही, ते यामुळे. सूपने शेंबड पुढे सरकतो, पण सूज उतरत नाही. मायामीच्या त्याच प्रयोगात गरम पेयांनंतर नाकातून हवा जाण्यातला अडथळा काही कमी झाला नव्हता.

मोजमाप एक सांगतं, माणूस दुसरं

इथे गोष्ट रंगात येते. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात खास सर्दीवर संशोधन करणारं केंद्र होतं. तिथल्या संशोधकांचा एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. सर्दी-फ्लूने बेजार झालेल्या ३० जणांपैकी काहींना सफरचंद आणि ब्लॅककरंटचं सरबत गरम करून दिलं, काहींना तेच साध्या तापमानाचं. उपकरणांनी नाकातला हवेचा प्रवाह मोजला, तो दोन्ही गटांत फारसा बदलला नाही.

पण लोकांना विचारलं तेव्हा चित्र बदललं. साध्या सरबतानेही नाक गळणं, खोकला आणि शिंका यांत आराम वाटला होता. गरम सरबत पिणाऱ्यांना त्याशिवाय घशाची खवखव, हुडहुडी आणि थकवा यांतही उतार पडला, तोही लगेच आणि नंतर टिकणारा. चवदार, गोड-आंबट पेयाने लाळ आणि घशातला ओलावा वाढतो, त्यामुळे घसा निवतो, असं संशोधकांचं म्हणणं. मात्र आपण गरम पितोय हे पिणाऱ्याला ठाऊक असतंच, त्यामुळे मनाच्या विश्वासाचा वाटा वेगळा काढता येत नाही. माझ्या मते त्याने काही बिघडत नाही. अंगात कणकण असलेल्या माणसाला बरं वाटणं हे फळ काही कमी नाही.

बामातल्या मेंथॉलचंही असंच आहे. ते नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतं आणि श्वास खोलवर जातोय असं वाटतं. नाकाची वाट तेवढीच अरुंद राहते.

रश्शाने नाकाला धार का लागते?

मिरचीतला तिखटपणा आणि मिरीतला झणका, दोन्ही चटका ओळखणाऱ्या एकाच प्रकारच्या ग्राहींना चाळवतात. मेंदूला वाटतं, भाजलं! मग नाकातल्या ग्रंथी पाणी सोडतात. झणझणीत रस्सा ओरपताना रुमाल लागतो तो याच कारणाने. साचलेलं पातळ होऊन वाहतं, म्हणून घटकाभर हलकं वाटतं. घसा सोललेला असेल तर मात्र तिखट आवरतं घ्यावं.

आजीची पाककृती प्रयोगशाळेत

नेब्रास्का विद्यापीठातले डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी पत्नीच्या आजीचं चिकन सूप तपासलं. त्यात कांदा, रताळं, गाजर, सलगम, सेलरी, पार्सली असं बरंच काही होतं. २००० साली त्यांनी दाखवलं की हे सूप दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ मंदावतं. भाज्या वेगवेगळ्या तपासल्या तेव्हा त्यांच्यातही हा गुण दिसला. पण हे सगळं घडलं काचेच्या भांड्यात. सूप पचून रक्तात उतरल्यावर तसंच घडतं, असं यातून सिद्ध होत नाही.

हळदीचं दूध प्यावं की नाही?

दुधाने कफ वाढतो, हे अनेक घरांत ठाम मत. ऑस्ट्रेलियात १९९० साली ६० जणांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून त्यांचं दूध पिणं आणि नाकातून येणारा स्राव यांचा मेळ घालून पाहिला. जास्त दूध पिणाऱ्यांचा शेंबड जास्त, असं काही आढळलं नाही. दूध लाळेत मिसळलं की तोंडात दाटसर थर जाणवतो, तो कफ समजला जातो. आवडत असेल तर हळदीचं दूध खुशाल घ्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कुठल्याही काढ्यातून मध देऊ नका, त्यातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

किती गरम?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सियसच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरणारी म्हणून नोंदवली. चुलीवरून उतरवलेला उकळता चहा याच्या कितीतरी वर असतो. पेल्यात ओतून काही मिनिटं थांबा. जीभ न भाजता सलग घोट घेता आला की पेय बेताचं झालं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलांना वाकवून वाफारा देणं तर टाळाच. भाजण्याचा धोका खरा आहे, आणि सर्दीवर गरम दमट हवेचा खात्रीलायक फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. वाटीतून नाकाशी येते तेवढी वाफ पुरे. दहा दिवस उलटूनही नाक बंदच असेल, गाल-कपाळ ठणकत असेल किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर डॉक्टरांना दाखवा.